खिसा कुठल्या बाजूला?

"तू ठेवलायस ना फोटो?" प्रमोदने विचारलं.

"मी? मला वाटलं तू ठेवला असशील."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग त्याने एक लांब सुस्कारा सोडला. विद्याधरने आमच्या तिघांच्या ग्रुपवर कोडं टाकलं होतं. एक फोटो आणि खाली एकच ओळ: "फोटो काढला तेव्हा किती वाजले होते? अर्धा तास. उत्तर एकदाच." फोटो होता एकदाच उघडणारा. मी तो चहूबाजूंनी नीट बघायचा म्हणून मोठा करायला गेलो, बोट घसरलं आणि फोटो बंद. परत दाबलं तर नुसतं 'उघडला' एवढंच दिसायला लागलं. प्रमोदने तर चष्मा शोधता शोधता उघडला होता.

"स्क्रीनशॉट?"

"घेऊ देत नाही तो. तेवढं मलाही कळतं."

पंचवीस मिनिटं उरली होती. विद्याधरची मागची तीन कोडी आम्हाला सुटली नव्हती आणि दरवेळी तो जो हसणारा चेहरा पाठवतो, तो मला स्वप्नातही दिसायला लागला होता.

"बोल, तुला काय काय आठवतंय ते," प्रमोद म्हणाला. "मी कागदावर काढतो."

"विद्याधर खुर्चीत बसलाय. समोर बघतोय. मागे भिंत. भिंतीवर गोल घड्याळ, उजवीकडे."

"डावीकडे."

"उजवीकडे, प्रमोद. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मी काय कानांनी पाहिलं? त्याच्या डाव्या खांद्याच्या वर होतं."

दोन मिनिटं आम्ही याच्यावर भांडलो. मग माझ्या लक्षात आलं की दोघंही एकच घड्याळ सांगतोय. मी माझी उजवी बाजू सांगत होतो आणि तो विद्याधरच्या जागी बसून त्याची डावी. शेवटी ठरलं, की विद्याधर गेला उडत, उजवी म्हणजे आपली उजवी, फोटोच्या चौकटीची.

"बरं. घड्याळ उजवीकडे. खिडकी डावीकडे. आकडे?"

"आकडे नव्हते. नुसत्या बारा रेघा."

"हो, नव्हते. काटे?"

इथे माझी गाडी अडली. एक काटा आठच्या रेघेवर होता, अगदी बरोबर रेघेवर. हे मला पक्कं आठवत होतं, कारण काटा आणि रेघ मिळून एकच लांब रेघ झाल्यासारखी दिसत होती. दुसरा चार आणि पाचच्या मध्ये, पाचकडे झुकलेला. पण मोठा कुठला आणि लहान कुठला? मी डोळे मिटले तर दोन्ही सारखेच दिसायला लागले.

"म्हणजे चार चाळीस, नाहीतर आठ वाजून तेवीस," मी म्हटलं. "टाकू का नाणं?"

"थांब." पेन्सिल खरखरल्याचा आवाज आला. प्रमोदने आयुष्यभर हिशेब तपासलेत, आकडा बघितला की त्याचा आवाज बदलतो. "तासकाटा बरोबर आठच्या रेघेवर असेल तर मिनिटकाटा बारावर पाहिजे. तिथे तर काहीच नाही. म्हणजे रेघेवरचा काटा मिनिटाचा. चाळीस मिनिटं. आणि चाळीस मिनिटं म्हणजे तासाचे दोन भाग संपले, एक राहिला. तासकाटा चारच्या पुढे, पाचकडे झुकलेला. बसतंय! चार चाळीस."

"पाठव मग."

तो पाठवेना. मलाही पाठव म्हणताना कसंसंच वाटत होतं. विद्याधर घड्याळात बघून वेळ सांगायला लावेल? इतका सरळ माणूस असता तर आमची मैत्रीच झाली नसती.

"आणखी काय होतं?" त्याने विचारलं. "घड्याळाखाली?"

"कपाट. पुस्तकांचं."

"कुठली पुस्तकं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. एकही नाव आठवेना. नाव तर सोडाच, एखादं लाल, निळं कव्हरही नाही. सगळं पिवळट पांढरं. "नुसती पानं दिसत होती रे. पुस्तकं उलटी लावलेली. पाठ भिंतीकडे."

"कोण लावतं अशी?"

"त्याच्या नव्या घरी कुठे गेलोय आपण? असेल काही नवीन फॅशन."

"हं. पुढे. त्याच्या अंगात काय होतं?"

"शर्ट. खिशाला पेन. खिसा डावीकडे."

"शर्टाचा खिसा डावीकडेच असतो."

"मग काय सांगतोय मी!"

आम्ही पुढे गेलो. खुर्चीच्या हातावर ठेवलेला हात, पडदा अर्धा ओढलेला, खाली सतरंजी. सतरंजीवर त्याचं आणि माझं पुन्हा वाजलं, ते सोडून देऊ. दहा मिनिटं उरली होती.

"पेन कुठल्या बाजूला म्हणालास?" प्रमोदने एकदम विचारलं. "आपली डावी की त्याची डावी?"

"आपली. असं ठरलंय ना?"

"खिडकीच्या बाजूला की घड्याळाच्या?"

"खिडकीच्या. टोपणावर खिडकीचा उजेड चमकत होता."

"हो, चमकत होता," तो म्हणाला. "मलाही तेच दिसतंय. पण मग ते जुळत नाही. तो समोर तोंड करून बसलाय. त्याची डावी म्हणजे आपली उजवी. पेन घड्याळाच्या बाजूला पाहिजे."

मला ते तोंडी कळेना. मी उठलो, शर्टाच्या खिशाला पेन अडकवलं आणि फोन कानाला धरून कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो.

"कशाला पाहिजे तिकडे? इथे बघ की, पेन डावीकडेच दिसतंय. मला समोर डावीकडेच दिसतंय. अगदी फोटोतल्यासारखं!"

"तू कुठे उभा आहेस?"

"आरशासमोर."

प्रमोद काही बोलला नाही. मी आरशातल्या पेनकडे बघत होतो. मग खाली मान घालून खऱ्या पेनकडे बघितलं. मग पुन्हा आरशात.

"पुस्तकं," मी म्हणालो.

"पुस्तकं!" तो ओरडला. "अक्षरं उलटी दिसली असती! म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवलीत. म्हणून घड्याळाला आकडे नाहीत. अख्ख्या फोटोत एक अक्षर नाही रे. फोटो उलटा केलाय त्याने, डाव्याचं उजवं!"

"पण एखाद्या शर्टाला उजवीकडे खिसा असू शकतो."

"असू शकतो. आणि पुस्तकं?"

त्याला उत्तर नव्हतं. चार मिनिटं उरली होती. प्रमोदने काढलेलं घड्याळ त्याच्याकडे, म्हणून मीही घाईघाईने एक कागदावर काढलं, जाड पेनाने. दोघांनी आपापल्या घरातल्या दिव्यासमोर कागद धरला आणि मागच्या बाजूने बघितला. आठच्या रेघेवरचा काटा चारच्या रेघेवर आला. दुसरा सातच्या थोडा पुढे.

"सात," प्रमोद म्हणाला.

"सात वीस."

"तासकाटा सातच्या पुढे एक तृतीयांश. बसतंय."

त्याने पाठवलं. दोन खुणा निळ्या झाल्या. वरती 'टायपिंग' दिसायला लागलं, थांबलं, पुन्हा दिसायला लागलं. आमचा फोन अजून चालूच होता, पण कोणी बोलत नव्हतं.

मग आलं: "बरोबर. दोनशे अकरा पुस्तकं आहेत. सुलटी लावायला दोघं या."