गोड बातमी

ही बातमी अल्मेरियाहून अमळनेरला सरळ आली नाही, पाचोऱ्यावरून आली. आमच्या खान्देशात बातमीला जवळचा रस्ता आवडत नाही.

फेब्रुवारी संपत आला होता आणि घरात बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, करायला घेतले होते. भिजवून दळलेल्या दादर ज्वारीचा घाटा चुलीवर रटरटत होता आणि आई दोन्ही हातांनी तो घोटत होती. घाटा घोटणाऱ्या बाईला मध्येच उठवायचं नसतं, तळाला लागला की अख्खं पातेलं वाया. म्हणून फोन मी घेतला. पाचोऱ्याच्या काकू होत्या. त्यांचा जावई आणि माझा दादा तिकडे स्पेनमध्ये एकाच कंपनीत.

"अभिनंदन गं! आम्हाला परक्याकडून कळावं का?"

"कसलं अभिनंदन?"

"घ्या! वहिनीला दिवस गेलेत, आणि नणंदेला पत्ता नाही!"

मी फोन कानाला तसाच धरून आईकडे बघितलं. आईचा घोटणारा हात थांबला होता. काकूंचा आवाज फोनबाहेरही अर्ध्या गल्लीला पुरतो.

"कितला महिना व्हयनात?" आईने विचारलं. मला नाही, काकूंना.

आता जरा मागे जाऊन सांगते. दादा ठिबक सिंचनातला इंजिनियर. जळगावात नोकरी करता करता दीड वर्षापूर्वी त्याला अल्मेरियाचं काम मिळालं. स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यातला हा भाग. पाऊस आपल्या दुष्काळी तालुक्यांनाही हिणवेल इतका कमी, पण तीस हजार हेक्टरांहून जास्त जमीन प्लॅस्टिकच्या हरितगृहांखाली. टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी, सगळं नळीतून थेंब थेंब पाण्यावर. दादा म्हणतो, डोंगरावरून बघितलं की समुद्र कुठे संपला आणि प्लॅस्टिक कुठे सुरू झालं ते कळत नाही. त्याला तिथे भाषेची फारशी अडचण आली नाही. व्हॉल्व्ह, फिल्टर, दाब, खताचं प्रमाण हे हातवाऱ्यांनीही सांगता येतं.

अडचण वहिनीची. शिरपूरची ही बीएस्सी झालेली मुलगी माहेरी नाटकात काम करायची, पण अल्मेरियात गेल्यापासून तिचं तोंडच मिटलं. चूक होईल आणि लोक हसतील, एवढी एकच भीती. घरात आरशासमोर वाक्य पाठ करायची, दुकानात गेली की बोटाने दाखवून टोमॅटो घ्यायची आणि घरी येऊन स्वतःवर चिडायची. शाळेच्या फाटकाशी इतर आया गप्पा मारत उभ्या असत, तेव्हा ही पलीकडच्या फुटपाथवर.

त्यांच्या लेकीचं, चिनूचं, उलट. वय वर्षं दहा, जळगावच्या इंग्रजी शाळेतून गेलेली. तिने सहा महिन्यांत एक युक्ती शोधून काढली होती आणि फोनवर मला अगदी मास्तरणीसारखी समजावून सांगितली होती. "आत्या, सोपं असतं. इंग्रजी शब्द घ्यायचा, शेपूट बदलायचं. नेशनचं नाथ्योन, इन्फर्मेशनचं इन्फोर्माथ्योन. डेकोरेटेडचं देकोरादा, ऑर्गनाइज्डचं ओर्गानिथादा. पाठ करायची गरजच नाही." युक्ती खरंच चालत होती. आणि एखाद्या वेळी चुकलीच, तर तसा शब्दच नसायचा. मग समोरचा कपाळाला आठ्या घालायचा आणि बरोबर शब्द सांगायचा. चिनूला यापेक्षा मोठा धोका माहीत नव्हता.

28 फेब्रुवारी हा आंदालुसियाचा, म्हणजे अल्मेरिया ज्या राज्यात येतं त्याचा दिवस, आपल्या महाराष्ट्र दिनासारखा. सुट्टी लागण्याआधी तिथल्या शाळांमध्ये सगळी मुलं मिळून न्याहारी करतात. पाव भाजायचा आणि त्यावर ऑलिव्हचं तेल ओतायचं, बास. चिनूला ते फार आवडतं. गरम घाट्यावर कच्चं तेल घालून खाणारी ही पोर, तिला पावावर तेल काही नवं नव्हतं. चिनूच्या शाळेत त्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. आया टेबलावर पाव मांडत होत्या, कुणी टोमॅटो किसत होतं. वहिनी आली नव्हती. निघताना तिने चिनूला सांगितलं होतं, "बाईंना सांग, मला बरं नाही."

पण चिनूला खोटं बोलायचं नव्हतं. वर्गातल्या बाईंनी, तिकडे त्यांना सेन्यो म्हणतात, विचारलं, "आणि तुझी आई?" चिनूने क्षणभर विचार केला. आई लाजते, तिला संकोच वाटतो. इंग्रजीत एम्बॅरस्ड. शेपूट बदललं.

"मी माद्रे एस्ता एंबाराथादा."

सेन्यो पाव ठेवून उभी राहिली. "एंबाराथादा?" तिने पुन्हा विचारलं. चिनूने मान हलवली. आजूबाजूच्या दोन आयांनी हातातलं काम टाकलं, एकीने चिनूचा मुकाच घेतला. "एनोराबुएना! एनोराबुएना!" सगळीकडून सुरू झालं. चिनूला अभिनंदनाचा तो शब्द ठाऊक नव्हता. तिला वाटलं, "काही हरकत नाही" म्हणत असतील. किती समजूतदार लोक!

घोळ झाला तो इथेच. शब्द चुकीचा असता तर कुणीतरी थांबवलं असतं. पण हा शब्द शंभर टक्के खरा होता, व्याकरणही बरोबर होतं आणि उच्चारही चोख.

त्या आयांपैकी एकीला कामावर जायचं होतं. ती भाजीच्या पॅकिंगमध्ये कामाला, जिथे दादाच्या कंपनीची माणसं रोज येतात. ती निघाली आणि बातमी तिच्याबरोबर निघाली.

मागे राहिलेली सेन्यो चिनूजवळ वाकली. "किती झाले?" तिला महिने विचारायचे होते. चिनूने सांगितलं, "दीड वर्ष. इथे आलो तेव्हापासून."

सेन्योच्या भुवया वर गेल्या.

"सुरुवातीला बाबापण होते," चिनूने माहिती पुरवली. "आता ते बरे झालेत."

सेन्योने ओठ घट्ट मिटून घेतले, चिनूचा हात धरून तिला खिडकीपाशी नेलं आणि पोटासमोर हातांनी भलामोठा गोल काढून दाखवला. मग दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला. चिनू सांगते, "आत्या, माझे कान इतके गरम झाले ना! आणि तेव्हा खरंच एम्बॅरस्ड झाले, तर तो शब्दच वापरता येईना!"

बरोबर शब्द सेन्योने फळ्यावर लिहून दिला. त्या वाक्याची घडण अशी, की बाई स्वतः काही "असत" नाही, तिला लाज "येते". ले दा बेरग्वेन्था. चिनूने ते तीन-चारदा वाचलं आणि तिच्या लक्षात आलं की हे तर घरच्यासारखं आहे. आईला लाज येते. इंग्रजीला मध्ये घेतलं नसतं आणि नुसती मराठीची वाट धरली असती, तर पोर पुष्कळ जवळ पोचली असती.

इकडे अमळनेरात आईने तोवर घाटा उतरवला होता, लेकीसुनांना बिबडे थापायला बसवलं होतं आणि स्वतः डिंक काढायला फडताळ उघडलं होतं. चिनूच्या पाठीवर दुसरं नाही, हे दुखणं आईने दहा वर्षं जपलंय. तोंडाने फारसं बोलत नाही, पण कानबाईच्या पुढे हात जोडून जे पुटपुटते ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. वहिनीलाही.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला. आपल्याकडे सात, तिकडे दुपारचे अडीच, चिनू नुकतीच शाळेतून आलेली. आईने दादाला काही बोलूच दिलं नाही. "तिले वजन नको उचलू देऊ. मना पासपोर्ट काढ."

"कुणाला वजन? कसला पासपोर्ट?" दादा बुचकळ्यात. त्याच दिवशी साइटवर तीन जणांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या होत्या आणि त्याला वाटलं होतं, पंपाचं काम पसंत पडलं.

मग मागून चिनू रडकुंडीला येऊन धावत आली आणि तिने सगळं सांगितलं. शब्द, सेन्यो, पोटासमोरचा गोल, दीड वर्ष, बाबा. दादा सोफ्यावर आडवा झाला हसून हसून. वहिनी हसली नाही. ती स्क्रीनच्या कडेला उभी होती, अर्धी दिसत होती. "आई, तसं काही नाही," एवढंच म्हणाली. तिला या दोन शब्दांसाठी किती बळ लागलं असेल ते मला इथून दिसत होतं. एका चुकीत तिच्या दोन्ही दुखऱ्या जागा उघड्या पडल्या होत्या.

आई गप्प. हातात डिंकाचा डबा. चिनूने स्फुंदत विचारलं, "आजी, मी फार चुकले का?"

"तुनी माय कसामुळे गई नही शाळामा?"

"तिला तिथे कसंतरी होतं. अवघडल्यासारखं."

"मंग चुकनं काय?" आई म्हणाली. "अवघडेलच शे ना ती."

मी आईकडे बघतच राहिले. पोटुशी बाई अवघडलेली आणि चारचौघांत संकोचलेली बाईसुद्धा अवघडलेली. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईने चिनूला एका वाक्यात निर्दोष सोडलं होतं. दादा म्हणतो, स्पॅनिश आणि इंग्रजी शब्द मुळात एकाच कुळातले, अडथळा, अडकणं अशा अर्थाचे, पुढे वाटा वेगळ्या झाल्या. वहिनी तेव्हा हसली. पूर्ण स्क्रीनमध्ये आली, खाली बसली आणि डोळे पुसत हसत राहिली.

आईने डिंक परत ठेवला नाही. लाडू आम्ही खाल्ले.

पुढचा आठवडा तिकडे शाळेला सुट्टी होती आणि गैरसमज मुरायला तेवढा वेळ पुरेसा होता. शाळा उघडली त्या दिवशी फाटकाशी दोन आया वहिनीची वाट बघत उभ्या, हातात बाळाच्या कपड्यांची पिशवी. पलीकडच्या फुटपाथवरून त्यांनीच तिला हाक मारली. आता हातवारे करून भागणार नव्हतं, कारण हातवारा केला की पोटच दिसणार. वहिनीने रस्ता ओलांडला आणि आरशासमोर एकदाही न घोकलेलं वाक्य बोलली: नो एस्तोय एंबाराथादा, मे दा बेरग्वेन्था अब्लार. गरोदर नाहीये, बोलायची लाज वाटते. चिनू म्हणते, हसणं इतकं मोठं झालं की शिपाई बाहेर आला. मग त्या दोघी तिला कॉफीला घेऊन गेल्या. वहिनी त्यांच्यात किती बोलली कोण जाणे, पण घरी अकरा वाजता आली.

पिशवी मात्र त्यांनी परत घेतली नाही. "पोर सि आकासो," म्हणाल्या. म्हणजे, असू दे, लागलीच तर.

रविवारी फोनवर चिनूने हे आजीला सांगितलं, अर्थासकट.

"त्या बाया शान्या शेतस," आई म्हणाली.

वहिनीने "आई, कुकर लावायचाय" म्हणत फोन दादाच्या हातात दिला.