तीन सेकंदांनी कपॅसिटरवर किती व्होल्ट?

गणित असं आहे. पूर्ण रिकामा असलेला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून १२ व्होल्टच्या सप्लायला जोडला. स्विच दाबल्याक्षणी घड्याळ सुरू केलं. सर्किटचा टाइम कॉन्स्टंट काढा आणि ३ सेकंदांनी प्लेट्समध्ये किती व्होल्टेज असेल ते सांगा.

टाइम कॉन्स्टंट म्हणजे R आणि C यांचा गुणाकार, एवढंच. चुका होतात त्या किलो आणि मायक्रोच्या शून्यांत, म्हणून आधी सगळं मूळ एककांत लिहून घ्यायचं:

```
R = 47 kΩ = 47 × 10³ Ω
C = 100 µF = 100 × 10⁻⁶ F
τ = RC = 47 × 10³ × 100 × 10⁻⁶ = 4.7 s
```

ओहम गुणिले फॅरड, मग उत्तर सेकंदांत कसं आलं? ओहम म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर आणि फॅरड म्हणजे कूलॉम भागिले व्होल्ट. गुणल्यावर व्होल्ट कटतो, उरतो कूलॉम भागिले अँपिअर. अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलॉम, त्यामुळे हाती सेकंदच राहतो. हे एकदा स्वतः कागदावर करून पाहिलं की गुणायचं की भागायचं हा गोंधळ परत होत नाही.

आता ३ सेकंद. इथे सूत्र आठवत बसण्यापेक्षा मी वेगळीकडे बघायला सांगतो. कपॅसिटर किती भरला ते बघू नका, किती भरायचा राहिला ते बघा. त्या राहिलेल्या व्होल्टेजला आपण तूट म्हणू. सुरुवातीला कपॅसिटरवर शून्य व्होल्ट, म्हणजे तूट पूर्ण १२ व्होल्ट. ही तूट त्या क्षणी असते कुठे? रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये. सप्लायचे १२ व्होल्ट दोघांत वाटले जातात: जे कपॅसिटरवर नाही ते रेझिस्टरवर. आणि रेझिस्टरवर जितके व्होल्ट, तितकाच जोर करंटला:

```
i = (12 − V) / R
dV/dt = i / C = (12 − V) / RC
```

दुसऱ्या ओळीत सगळं आलं. भरण्याचा वेग तुटीवर अवलंबून आहे. तूट मोठी तर वेग जास्त, आणि कपॅसिटर जसा भरत जातो तशी तूट कमी होऊन वेगही मंदावतो. स्वतःच्या प्रमाणात घटणारी राशी एक्स्पोनेन्शियल असते, म्हणून तूट अशी घटते:

```
12 − V = 12 × e^(−t/RC)
V = 12 × (1 − e^(−t/RC))
```

आकडे घाला:

```
t/RC = 3 / 4.7 = 0.638
e^(−0.638) = 0.528
12 × 0.528 = 6.34 V
V = 12 − 6.34 = 5.66 V
```

उत्तर: टाइम कॉन्स्टंट ४.७ सेकंद, आणि ३ सेकंदांनी प्लेट्समध्ये ५.६६ व्होल्ट.

वह्या तपासताना याच गणिताची दोन चुकीची उत्तरं हमखास सापडतात. एक ७.६६ व्होल्ट. हे उत्तर काढणाऱ्याने ४.७ सेकंदांत १२ व्होल्ट होतात असं धरून सरळ त्रैराशिक मांडलेलं असतं. ४.७ सेकंदांनी कपॅसिटर भरलेला नसतो. तेव्हा तूट ३७ टक्के उरलेली असते, म्हणजे व्होल्टेज ७.५९ पर्यंतच पोचलेलं असतं. तीन सेकंदांना त्याहून जास्त येतंय म्हटल्यावरच शंका यायला हवी होती. दुसरं उत्तर ६.३४ व्होल्ट. यात एकमधून वजा करायचं राहून गेलेलं असतं. गंमत म्हणजे हा आकडा खोटा नाही, तो रेझिस्टरवरचं व्होल्टेज आहे. प्रश्न कपॅसिटरचा होता आणि उत्तर शेजाऱ्याचं दिलं.

रेझिस्टरवरचे ६.३४ व्होल्ट हाताशी आहेतच, तर करंटही लगेच मिळतो: भागिले ४७ किलोओहम, म्हणजे १३५ मायक्रोअँपिअर. स्विच दाबला तेव्हा तो २५५ होता. प्रभार C गुणिले V, म्हणजे ५६६ मायक्रोकूलॉम. एका प्लेटवर अधिक, दुसरीवर तेवढाच उणे.

उलट प्रश्नही येतो: ९ व्होल्ट व्हायला किती वेळ? तुटीच्या भाषेत हे तोंडी सुटतं. ९ व्होल्टला तूट ३ व्होल्ट, म्हणजे मूळच्या एक चतुर्थांश.

```
t = RC × ln 4 = 4.7 × 1.386 = 6.5 s
```

पाच टाइम कॉन्स्टंटनंतर, इथे २३.५ सेकंदांनी, तूट एका टक्क्याहूनही कमी राहते. व्यवहारात तिथे कपॅसिटर भरला असं म्हणतात. समीकरणाप्रमाणे तो कधीच पूर्ण भरत नाही, पण त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

हेच सर्किट मी ब्रेडबोर्डवर लावून पाहिलं. मल्टिमीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळे डोळ्यांनी बरोबर तिसरा सेकंद पकडणं अवघड. म्हणून मीटर आणि स्टॉपवॉच शेजारी ठेवून फोनवर व्हिडिओ घेतला आणि तिसऱ्या सेकंदाला थांबवला. मीटरवर ५.३ व्होल्ट होते. ५.६६ कुठे गेले?

गणित चुकलं नव्हतं, कपॅसिटरवर छापलेल्या १०० या आकड्यावर माझा विश्वास जास्त होता. साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची टॉलरन्स अधिक-उणे २० टक्के असते. तो ८० मायक्रोफॅरडचा निघाला तर ३ सेकंदांनी ६.६ व्होल्ट दिसतील, १२० चा निघाला तर ४.९५. आता ५.३ वरून उलटं जाऊ:

```
तूट = 12 − 5.3 = 6.7 V
6.7 / 12 = 0.558
RC = 3 / ln(1/0.558) = 5.15 s
C = 5.15 / 47000 ≈ 110 µF
```

म्हणजे माझ्या हातातला कपॅसिटर साधारण ११० मायक्रोफॅरडचा होता. रेझिस्टर मी आधीच मोजून घेतला होता. मीटरचा दोष फारसा नाही: १० मेगाओहमचा मीटर कपॅसिटरला समांतर लावला तर शेवटचं व्होल्टेज १२ ऐवजी ११.९४ वर थांबतं. पण रेझिस्टर ४७ किलोऐवजी ४.७ मेगाओहमचा असता, तर त्याच मीटरने शेवटचं व्होल्टेज जवळपास ८.२ वर आणून ठेवलं असतं. तेव्हा मोठ्या रेझिस्टरच्या सर्किटला मीटर लावताना जपून.

दुसऱ्यांदा प्रयोग करताना मी कपॅसिटर नीट रिकामा केला नाही आणि त्यावर २ व्होल्ट शिल्लक राहिले. अशा वेळी पाठ केलेलं सूत्र लागू होत नाही, पण तूट लागू होते. सुरुवातीची तूट १२ नसून १० व्होल्ट. छापलेल्या किमती धरल्या तर ३ सेकंदांनी तिचे ०.५२८ पट, म्हणजे ५.२८ व्होल्ट, उरतील आणि कपॅसिटरवर ६.७२ व्होल्ट असतील.