आईच्या पाळ्या, येत्या सोमवारपासून

दादा, ताई, छोट्या, फोनवर ठरलं ते लिहून टाकते. आता "मला वाटलं तू येणारेस" नको.

पाळी बदलायच्या वेळा तीनच: सकाळी 7, दुपारी 3, रात्री 9. येणाऱ्याने 15 मिनिटं आधी यायचं.

सोमवार ते शुक्रवार
सकाळी 7 ते 3: ताई
दुपारी 3 ते 9: मी
रात्री 9 ते 7: सोम, बुध, शुक्र दादा, मंगळ, गुरू छोट्या

शनिवार: सकाळी मी, दुपारी दादा, रात्री छोट्या
रविवार: सकाळी दादा, दुपारी छोट्या, रात्री मी

ताईला शनिवार-रविवार पूर्ण सुट्टी. ताई, "सहज डोकावते" म्हणून यायचं नाही.

ह्या वेळा मुद्दाम विषम आकड्यांवर ठेवल्यात. दर दोन तासांनी कूस बदलायची ती 7, 9, 11, 1, 3, 5 ला. म्हणजे पाळी बदलताना कूस बदलायचीच असते आणि तेव्हाच घरात दोघं असतात. एकाने आईला धरायचं, दुसऱ्याने माकडहाड, कुल्ले, टाचा उजेडात बघायच्या. लाली दिसली तर बोटाने दाबून बघा. दाबल्यावर फिकी होत नसेल तर फोटो ग्रुपवर टाका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. तिथे चोळायचं नाही, तेलही नाही. हे झाल्याशिवाय जाणाऱ्याने चप्पल घालायची नाही.

मागच्या मंगळवारी बीपीची गोळी दोनदा गेली. मी दिली आणि तोंडी सांगायला विसरले, छोट्याने परत दिली. चूक माझी. रात्रभर बीपी मोजत बसलो ते पुरे झालं. आता गोळी दिली की लगेच वहीत वेळ आणि सही. वहीत नाही म्हणजे दिली की नाही माहीत नाही, अशा वेळी आधी फोन करायचा, अंदाजाने द्यायची नाही.

वहीत बाकी एवढंच: कोणत्या कुशीवर ठेवलंय, किती खाल्लं-प्यायली, शी झाली का, युरिन बॅगेत किती आणि रंग कसा. बॅग अर्धी-पाऊण भरली की रिकामी करा, कायम पलंगाखालीच लटकवा, फरशीला टेकू देऊ नका.

भरवताना डोक्याकडची बाजू उंच, आणि नंतर अर्धा तास तशीच. ठसका लागला की थांबा. आई "नको" म्हणाली तर नकोच, दादा.

रात्रवाल्याने 11, 1, 3, 5 चे गजर लावून थोडं थोडं झोपावं. एअर बेड आहे म्हणून कूस चुकवायची नाही. आणि 5 ला पंप चालू आहे ना, हात लावून बघा, प्लग सैल आहे.

उशीर होणार असेल तर तासभर आधी कळवा, आणि दुसरा येईपर्यंत आधीच्याने थांबायचं. अदलाबदल दोघांनी आपसात करा, पण ग्रुपवर लिहा.

छोट्या, तुझा गुरुवारचा प्रश्न राहिलाय. जमणार का ते आज रात्री 9 च्या आत सांग, नाहीतर तो दादाकडे जाईल आणि शुक्रवारची रात्र तुझी.