चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम परत मिळण्यासाठी बँकेला पत्र : सुधारलेला मसुदा

सौ. सुलभाकाकू यांस, साष्टांग नमस्कार.

तुमचा मसुदा वाचून पत्र नव्याने लिहिले आहे. घटनाक्रम तुमचाच आहे, मागणी मात्र बदलली आहे. ‘बँकेने माझे पैसे ताबडतोब माझ्या खात्यात परत जमा करावेत’ हे वाक्य काढावे लागले. समोरच्या खात्यात एकदा जमा झालेली रक्कम त्या खातेदाराच्या संमतीशिवाय किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय आपल्या बँकेला ओढून घेता येत नाही. जे तिला करता येते ते तिने आजच करावे, एवढेच नेमके मागितले तर व्यवस्थापकांना नकार देण्यास जागा उरत नाही.

‘नाव जुळत नसताना पैसे जमा केलेच कसे’ हा परिच्छेदही गाळला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2010 च्या परिपत्रकानुसार केवळ खाते क्रमांक पाहून रक्कम जमा करता येते आणि तो क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते, त्यामुळे हा वाद घातला तर तो आपल्यावरच उलटेल. काउंटरवरच्या मुलीबद्दलची तक्रारही या पत्रात नको; तिचा तुम्हाला झालेला त्रास मी समजू शकतो, पण आज आपल्याला त्याच शाखेकडून काम करून घ्यायचे आहे.

खाते क्रमांक आणि यूटीआर क्रमांक पत्रात मुद्दाम पूर्ण लिहिलेले नाहीत. हाताने उतरवताना पुन्हा एखादा आकडा फिरायला नको, म्हणून छापील पावतीच जोडा. व्यवस्थापक मराठी वाचतात. समोरच्या बँकेसाठी गुजराती भाषांतर मी आजच करून देतो. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका.

आपला,
मकरंद

दिनांक : 11 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
रावपुरा शाखा, वडोदरा

विषय : 8 नोव्हेंबर 2025 रोजी नेफ्टद्वारे चुकीच्या लाभार्थी खात्यात गेलेले 1,85,000 रुपये परत मिळण्यासाठी लाभार्थी बँकेकडे तातडीने विनंती पाठवण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या शाखेची बचत खातेदार असून माझ्या खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक 2093 आहेत. शनिवार, दिनांक 8 नोव्हेंबर 2025 रोजी सायंकाळी 7 वाजून 40 मिनिटांनी मी बँकेच्या मोबाइल ॲपवरून 1,85,000 रुपये नेफ्टने पाठवले. ही रक्कम दांडिया बाजार येथील आमच्या घराच्या गच्चीचे व भिंतींचे काम करणाऱ्या ठेकेदारास द्यायची होती. त्यांच्या खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक 5174 आहेत. नवा लाभार्थी नोंदवताना माझ्याकडून ते 5147 असे भरले गेले आणि पुष्टीसाठी क्रमांक पुन्हा भरतानाही त्याच टिपणावरून तोच क्रमांक लिहिला गेला. लाभार्थीचे नाव पडताळून पाहण्याची सोय मी त्या वेळी वापरली नाही. चूक माझी आहे आणि तिची जबाबदारी मी बँकेवर टाकत नाही.

रात्री सव्वानऊच्या सुमारास ठेकेदारांनी रक्कम मिळाली नसल्याचे कळवले, तेव्हा पावती व त्यांचा रद्द केलेला धनादेश समोरासमोर ठेवून पाहिल्यावर हा फरक लक्षात आला. त्याच रात्री मी बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवली. तो दुसरा शनिवार व नंतरचा दिवस रविवार असल्याने शाखा बंद होती. सोमवारी, दिनांक 10 नोव्हेंबर रोजी, मी शाखेत समक्ष येऊन तोंडी माहिती दिली व त्या वेळी मला लेखी अर्ज देण्यास सांगण्यात आले.

नेफ्टच्या नियमांनुसार जी रक्कम लाभार्थी खात्यात जमा होऊ शकत नाही, ती संबंधित फेरीचा हिशेब पूर्ण झाल्यापासून दोन तासांत पाठवणाऱ्या बँकेकडे परत यावी लागते. तशी कोणतीही रक्कम आजपर्यंत माझ्या खात्यात परत आलेली नाही व ॲपमध्ये व्यवहार यशस्वी दिसतो. यावरून 5147 या अंकांनी संपणारे खाते अस्तित्वात असून रक्कम तेथे जमा झाली असावी, असे दिसते. मी भरलेला आयएफएससी कोड ठेकेदारांच्याच बँकेच्या शाखेचा असल्याने हे खातेही त्याच बँकेत आहे, त्यामुळे एका बँकेशी संपर्क साधला तरी पुरेसे होईल.

तरी आपणास विनंती की, हा अर्ज मिळालेल्या दिवशीच व्यवहाराच्या पूर्ण तपशिलासह लाभार्थी बँकेला ईमेलने लेखी विनंती पाठवावी. तिने आपल्या खातेदाराशी संपर्क साधून, ही रक्कम त्याच्याकडे चुकीने आली आहे हे त्यास कळवावे आणि परतीसाठी त्याची लेखी संमती घ्यावी. तसेच त्या बँकेच्या नियमांत बसत असल्यास, उत्तर मिळेपर्यंत एवढीच रक्कम त्या खात्यातून काढली जाऊ नये अशी व्यवस्था करण्याबाबत तिने विचार करावा, असेही आपण सुचवावे. मला त्या खातेदाराचे नाव, पत्ता अथवा दूरध्वनी क्रमांक नको आहे. सर्व संपर्क दोन्ही बँकांमार्फतच व्हावा, अशीच माझी इच्छा आहे.

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 72 नुसार ज्यास चुकीने पैसे दिले गेले आहेत, त्याने ते परत करणे बंधनकारक आहे. हे कलम मी कोणावर दबाव आणण्यासाठी लिहीत नाही. ज्या खातेदाराच्या खात्यात अनपेक्षितपणे पैसे आले, त्यास संमती देताना आपण काही गमावत आहोत किंवा एखाद्या फसवणुकीत अडकत आहोत असे वाटू नये, यासाठी लाभार्थी बँकेने ही तरतूद त्यास समजावून सांगावी, एवढाच हेतू आहे. परतीसाठी दोन्ही बँकांना आवश्यक असलेले क्षतिपूर्तिपत्र मी लिहून देईन आणि नियमानुसार लागणारे शुल्क माझ्या खात्यातून वजा करण्यास माझी संमती आहे.

विनंती पाठवल्याची तारीख व संदर्भ क्रमांक मला लेखी कळवावा. खातेदाराने संमती नाकारली किंवा लाभार्थी बँकेकडून उत्तर आले नाही, तर तेही लेखी कळवावे, कारण पुढे दिवाणी न्यायालयात दाद मागायची झाल्यास त्या पत्राची मला आवश्यकता भासेल. या अर्जाचे 30 दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेखाली तक्रार करण्याचा माझा हक्क मी राखून ठेवते; परंतु आपण यात तत्परतेने लक्ष घालाल, अशी मला खात्री आहे.

ही रक्कम कामगारांच्या मजुरीचा व साहित्याचा हप्ता होती आणि ती न पोहोचल्याने काम थांबले आहे. रक्कम जितके दिवस त्या खात्यात पडून राहील तितकी ती खर्च होण्याची शक्यता वाढते, म्हणून आजच कार्यवाही व्हावी, असा माझा आग्रह आहे.

सोबत व्यवहाराची पावती (यूटीआर क्रमांकाचे शेवटचे सहा अंक 604817), माझ्या खात्याचा 8 ते 10 नोव्हेंबरचा उतारा, ग्राहक सेवेकडील तक्रारीच्या नोंदीचा संदेश, ठेकेदारांचे देयक, त्यांच्या रद्द केलेल्या धनादेशाची प्रत आणि माझ्या ओळखपत्राची स्वाक्षांकित प्रत जोडली आहे. बँकेत नोंदवलेल्या माझ्या मोबाइल क्रमांकावर मी दिवसभर उपलब्ध असून बोलावल्यास त्वरित शाखेत येईन.

आपली विश्वासू,

(स्वाक्षरी)
सुलभा विनायक गोखले
दांडिया बाजार, वडोदरा