द्राक्ष पॅकहाउस लेबलिंग प्रकल्प: समारोप सादरीकरणातून काढलेले धडे

प्रति: पॅकहाउसच्या कामावर यापुढे जाणारी सर्व पथके
प्रेषक: प्रकल्प समन्वयक, नाशिक कार्यालय
दिनांक: १५ मे २०२५

दिंडोरी तालुक्यातील एका पॅकहाउसमध्ये वजनकाटे, लेबल छपाई आणि प्रत्येक बॉक्सचा माग ठेवणारी प्रणाली बसवण्याचे काम आपण एप्रिलअखेर पूर्ण केले. त्याचे समारोपाचे सादरीकरण ३४ स्लाइडचे आहे. ते ग्राहकासमोर मांडायचे असल्याने त्यातील भाषा जपून वापरलेली आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने पुढच्या पथकाला ते फारसे उपयोगी नाही. कामाची नोंदवही आणि व्हॉट्सॲप गटावरील संदेश पुन्हा वाचून त्या भाषेमागे काय घडले होते ते मी तपासले. कामाचे तेवढेच येथे घेतले आहे.

सर्वांत महाग पडली ती वेळापत्रकाची चूक. स्लाइड ९ वर ‘हंगामपूर्व चाचणीस विलंब’ असे लिहिले आहे. वास्तविक विलंब झालाच नाही. चाचणी ठरलेल्या तारखेला, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली, पण तोवर हंगामच सुरू होऊन गेला होता. दिंडोरी-निफाडकडे फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि माल जानेवारीपासून येतो, एवढ्यावर आपण आराखडा आखला. हे पॅकहाउस सटाणा भागातील पूर्वहंगामी मालही घेते आणि तिकडची छाटणी पावसाळ्यातच उरकते, हे आपल्याला नोव्हेंबरअखेर गाड्या दारात उभ्या राहिल्यावर कळले. आपण हिशेब विभागाकडे चौकशी केली होती; त्यांनी निर्यात बिलांच्या तारखा दिल्या, ज्यांत देशांतर्गत बाजारात जाणारा हा माल नव्हताच. म्हणून पहिल्याच बैठकीत खरेदी पाहणाऱ्या माणसाला गावे आणि तिथल्या छाटणीच्या तारखा विचाराव्यात, सर्वांत लवकरच्या छाटणीत सुमारे चार महिने मिळवावेत, आणि तिथून सहा आठवडे मागे येऊन चाचणी लावावी.

स्लाइड १७ वरील ‘लेबलचा दर्जा अपुरा’ हे वाक्य दिशाभूल करणारे आहे, कारण ते वाचून पुढचे पथक महागडे लेबल घेईल आणि त्याच अडचणीत सापडेल. आपण लेबल प्रीकूलिंगनंतर लावत होतो. जानेवारीतल्या एका सकाळी मी लाइनवर उभा होतो, तेव्हा थंड खोलीतून आलेल्या बॉक्सवर हात फिरवला की तळवा ओला होत होता. एक बाई लेबल चिकटवून अंगठ्याने दाबे, आणि ती पुढच्या बॉक्सकडे वळेपर्यंत आधीच्या लेबलचा कोपरा उचललेला असे. थंड पुठ्ठ्यावर हॉलमधील हवेची वाफ जमते, आणि ओल्या पुठ्ठ्यावर गोंद धरत नाही. लेबल वजनकाट्यावरच, माल थंड होण्याआधी लावू लागल्यावर तक्रार जवळजवळ संपली. मात्र तेव्हा छापलेले वजन थंड होण्यापूर्वीचे असते आणि पुढे पाणी उडून माल थोडा घटतो, त्यामुळे बॉक्समागे किती ग्रॅम जास्त भरायचे हे पॅकहाउसकडून आधीच लेखी घ्यावे.

स्लाइड २१ वरील ‘कर्मचाऱ्यांचा विरोध’ या शब्दांना माझी हरकत आहे. प्रशिक्षण आपण ऑक्टोबरात दिले, तेव्हा पॅकिंगच्या बाया आलेल्याच नव्हत्या. पेठ-सुरगाण्याकडून मुकादमाबरोबर त्या हंगामातच येतात, आणि स्कॅनर त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो चालू लाइनवर. शिवाय त्यांच्या हातमोज्यांना टचस्क्रीन दाद देत नव्हता; त्या मोजे काढून बटण दाबत, पुन्हा घालत, आणि तेवढ्यात मागे क्रेटची रांग लागे. याला विरोध म्हणणे अन्यायाचे आहे. यापुढे दाबायच्या बटणांचे यंत्रच घ्यावे, आधी मुकादम व लाइन सुपरवायझर यांना शिकवावे, आणि खुडा सुरू झाल्यावर पहिले दोन दिवस आपला एक माणूस लाइनवर ठेवावा.

इंटरनेट बंद असताना नोंदी तिथल्याच संगणकावर साठवण्याची पद्धत चांगली चालली. ती तशीच उचलावी. एक जादा प्रिंटर नेहमी जवळ ठेवावा.

स्लाइड २६ वरील ‘प्रति बॉक्स लागणारा वेळ’ कोणत्याही नव्या अंदाजपत्रकात वापरू नये. तो आकडा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मोजला आहे, जेव्हा माल ओसरला होता आणि निम्म्याच लाइन चालू होत्या.

मूळ सादरीकरण आणि नोंदवहीची प्रत कार्यालयाच्या सामायिक फोल्डरमध्ये या टिपणाशेजारी ठेवली आहे. पुढच्या पॅकहाउसचे काम ज्या पथकाकडे जाईल त्याने आपले अनुभव याच टिपणाखाली, स्लाइड बनवण्याआधी, लिहावेत. यंदा सटाण्याकडील छाटणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे जूनअखेरपर्यंत, मी हे टिपण त्या पथकाबरोबर बसून एकदा वाचणार आहे.