सोळा-आठ

“शेजारच्या जैनबाई सूर्य मावळल्यावर पाण्यालाही शिवत नाहीत. त्याला चौविहार म्हणतात. तू सहाला जेवून हात धुतेस, त्याला काय म्हणतात?”

“इंटरमिटंट फास्टिंग. सोळा-आठ,” ऋचा म्हणाली. “आठ तासांत काय ते खाऊन घ्यायचं, सोळा तास पोटाला सुट्टी.”

“त्यांना पुण्य मिळतं. तुला काय मिळतं?”

“इन्सुलिन खाली राहतं, आजी.”

“असो बाई,” कुमुदआजी म्हणाल्या आणि बागेच्या फाटकापाशी चपलेतला खडा काढायला थांबल्या.

राजेंद्रनगरच्या त्या बागेला संध्याकाळी चकरा मारणाऱ्यांत निम्मी मंडळी मराठी, उरलेली निम्मी मराठी समजणारी. त्यामुळे आजी घरातल्या गोष्टी जरा हळू आवाजात बोलत. ऋचाचे आईबाबा बाबांच्या बदलीमुळे भोपाळला. ऋचाची नोकरी विजयनगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, पण बहुतेक दिवस घरूनच. म्हणून सहाला जेवणं तिला जमत होतं. सकाळी दहाला पोहे, दोनला जेवण, सहाला सॅलड, पनीर आणि कधी मुगाचं धिरडं. मग दुसऱ्या दिवशी दहापर्यंत काही नाही. ओट्यावर एक छोटा वजनकाटा आला होता. त्यावर ती शिजलेला भातसुद्धा मोजायची. भात मोजून खाणारी ही घरातली पहिलीच, असं आजींनी जैनबाईंना सांगितलं होतं. कौतुक होतं की तक्रार, ते जैनबाईंना कळलं नाही.

“रात्री उशिरा खाणं सगळ्यात वाईट,” ऋचा म्हणाली.

“इंदूरात राहून हे बोलतेस! सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्याशिवाय आपला सराफा सुरू होत नाही. तुझे आजोबा पत्ते कुटून अकराला यायचे, हातात भुट्ट्याचा कीस नाहीतर रबडी. मला उठवून खायला घालायचे. आणि कधी सुटले का ते? शेवटपर्यंत पँटला पट्टा लागायचा.”

“ते सायकलवर बँकेत जायचे. रोज. राजवाड्यापर्यंत.”

“हां, ते खरं,” आजींनी मान्य केलं. वादात एखादा मुद्दा त्या असा सहज सोडून देत, पुढचा हातात असला की. “पण साबुदाण्याचं तू काल बोललीस ते चूक.”

“चूक कसं? साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. त्यात बटाटा. उपासाच्या नावाखाली.”

“अगं पण खिचडीत दाण्याचं कूट असतं ते? आणि देवासला आमच्याकडे एकादशीला मोरधन असायचं, सोबत दाण्याची आमटी. साबुदाणा पाहुणे आले तर.”

ऋचाने मोबाइलमध्ये मोरधन शोधलं. सापडलं. मेतकूट मात्र आदल्या आठवड्यात सापडलं नव्हतं. ॲपने तिला मेथीचे दाणे दाखवले होते, आणि आजी त्यावर दोन दिवस हसत होत्या.

उपासावरून गोष्ट १९६५ वर गेली. आजी तेव्हा एकोणीस वर्षांच्या, देवासलाच. युद्ध आणि धान्याची टंचाई. शास्त्रीजींनी आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं, सोमवारी संध्याकाळचं. घराघरांत चुली बंद राहिल्या. “तुझ्यासारखा कुणी मोजत नव्हतं. सोमवार आला की नाही जेवायचं, संपलं. रेशनला अमेरिकेचा गहू यायचा. पोळी इतकी वातड की आमचे अण्णा म्हणायचे, ही खाऊन भूक मरत नाही, जबडा थकतो.”

“पण आजी, तेव्हा सगळे बारीक होते ना? भेसळ नाही, मैदा नाही, घरचं तूप. आता तेच परत सांगतात सगळे, आजीचं खाणं खा म्हणून.”

आजी चालता चालता एकदम गप्प झाल्या. बागेचं एक वळण गेलं.

“कोणत्या आजीचं?” त्या म्हणाल्या. “लग्न होऊन मी इथे आले तेव्हा घरात चौदा माणसं. आधी पुरुषांची पंगत, मग मुलं, मग सासूबाई, मग आम्ही दोघी जावा. वरणाचं पातेलं आमच्यापर्यंत येईतो तळाला डाळ खरवडलेली आणि वर पाणी. तूप पुरुषांच्या पानात. मला मिळायचं ते बाळंतपणात, सव्वा महिना. थोरल्या जाऊबाईंना दुसऱ्या खेपेला रक्त द्यावं लागलं होतं. डॉक्टरीणबाई सासूबाईंना ओरडली, ही खाते काय? सासूबाई म्हणाल्या, सगळ्यांबरोबर जे असतं ते. खोटं नव्हत्या बोलत. सगळ्यांचं झाल्यावर जे असतं ते. बारीक होतो, हो. फोटोत छान दिसतो.”

ऋचा काही बोलली नाही. तिसरी चक्कर त्यांनी तशीच संपवली.

रात्री तिने वही घेतली आणि ॲप उघडलं. “उद्या तुझं मोजू,” ती म्हणाली. “तुझ्या वयाला प्रोटीन महत्त्वाचं. पन्नास किलो वजन, म्हणजे दिवसाला निदान चाळीस ग्राम.”

आजींना गंमत वाटली. दुसऱ्या संध्याकाळी बागेत त्या हिशेब देऊ लागल्या. सकाळी चहा-टोस्ट, मग चिमूटभर पोहे. दुपारी दोन पोळ्या, दुधीची भाजी, एक वाटी वरण, तेही पातळ. पाचला चहा.

“आणि रात्री?”

“रात्री काय, चहा-पोळी.”

“रोज?”

“कधी दहीभात.”

ऋचाने बेरीज केली. बावीस. तिने पुन्हा केली. “निम्मंच होतंय, आजी. आणि हे चहा-पोळीचं कधीपासून? तू तर रात्री मुगाची खिचडी करायचीस. कढी करायचीस. मला आठवतंय, होळीपर्यंत आपण रोज...”

ती थांबली. तिचं सोळा-आठ होळीनंतरच सुरू झालं होतं.

“अगं, कुकर काय लावायचा एकटीसाठी,” आजी म्हणाल्या. “टीव्ही बघत चहात पोळी बुडवली की झालं. तू मधे नको धरूस. तुझं डाएट चांगलंच आहे. चेहरा उजळलाय तुझा.”

समोरून जैनबाई आल्या, जय जिनेंद्र झालं, गुडघ्यांची चौकशी झाली. त्या पुढे गेल्यावर ऋचाने मोबाइल काढला आणि ॲपमध्ये काहीतरी सरकवायला लागली.

“आता काय करून राहिलीस?”

“वेळ बदलते. दहा ते सहाच्या ऐवजी बारा ते आठ. तासांशी मतलब आहे, कोणते तास ते मी ठरवायचं. साडेसातला जेवू आपण. खिचडी कर, मी वाटीभर मोजून घेईन. तू मात्र न मोजता खायची, आणि वरून कढी.”

“आणि भाजलेल्या डाळ्यांचं पीठ?” आजींनी विचारलं. त्यांचा चालण्याचा वेग जरा वाढला होता. “त्यात असतं का ते तुझं प्रोटीन?”

“भरपूर.”

“मग सातूचं पीठ करते. गहू आहेत, डाळं आणायचं. गूळ तुला चालणार नाही.”

“चमचाभर चालेल.”

पुढचं वळण आलं तशा आजी थबकल्या. “थांब. बारा ते आठ म्हणालीस?”

“हो.”

“म्हणजे सकाळचे पोहे?”

“बाराला खाईन.”

“दुपारी बाराला पोहे!” कुमुदआजी इतक्या मोठ्याने म्हणाल्या की बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं. “इंदूरात! लोक काय म्हणतील गं, जोशांकडे कोणी आजारी आहे का?”