विषय: आप्पांच्या निधनाबद्दल

प्रिय नितीनभाऊ,

आप्पा गेल्याचं काल संध्याकाळी कळलं. फार वाईट वाटलं. फोन हातात घेतला होता, पण घरात माणसांची ये-जा असेल, प्रत्येकाला तेच पुन्हा सांगावं लागत असेल, म्हणून लिहितो आहे.

आप्पांची आणि माझी भेट एकदाच झाली, गेल्या हिवाळ्यात, तुमच्या रावेरच्या मळ्यात भरीत पार्टीला. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायला ते स्वतः बसले होते, आम्हा ऑफिसवाल्यांना हात लावू देईनात. निघताना केळीचा घड गाडीत ठेवायला लावला. नाही म्हणायची सोयच नव्हती. ओळखदेख नसताना इतकं आपुलकीनं वागणारी माणसं थोडी असतात.

ऑफिसची काळजी सध्या मनात आणू नका. महिनाअखेरीचं काम मी आणि सुनीताताई बघतो आहोत. रजेचं साहेबांशी बोललो आहे. अर्ज परत आल्यावर दिलात तरी चालेल, असं ते स्वतःच म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही तिघं-चौघं दारावर येतो आहोत. चहापाण्याचं काही करू नका. गंधमुक्तीच्या दिवशी गाडी लागली, पाहुण्यांना जळगाव स्टेशनवरून आणायचं असलं, तर मला हक्कानं सांगा. माईंना नमस्कार सांगा. त्यांच्या जेवणा-औषधांकडे लक्ष असू द्या, आणि स्वतःच्याही.

तुम्हा सर्वांच्या दुःखात आम्ही सारे सोबत आहोत. या मेलला उत्तर देण्याची गरज नाही.

आपला,
प्रशांत
कर्ज विभाग, जळगाव